कपाटातला माणूस आधीच दाखवला, तरी कुणी घाबरेना

अर्धविराम
नमस्कार मंडळी. हिचकॉकचं टेबलाखालच्या बॉम्बचं उदाहरण इथे बऱ्याच जणांना माहीत असेल. १९६२ मध्ये फ्रेंच दिग्दर्शक त्रुफोने त्याची प्रदीर्घ मुलाखत घेतली, त्यात ते आहे. माणसं टेबलाशी गप्पा मारत बसलीत आणि एकदम स्फोट होतो. प्रेक्षकाला मिळाला पंधरा सेकंदांचा धक्का. आता तोच प्रसंग, पण बॉम्ब ठेवताना प्रेक्षकाने पाहिलंय, तो एक वाजता फुटणार हे त्याला कळलंय आणि भिंतीवरच्या घड्याळात पाऊण वाजलाय. त्याच रटाळ गप्पा आता पंधरा मिनिटं जीव टांगणीला लावतात. म्हणजे धक्का द्यायचा असेल तर लपवा, धास्ती हवी असेल तर सांगून टाका.

हे डोक्यात ठेवून मी सहा मिनिटांची शॉर्ट फिल्म केली. सुरुवातीलाच एक अनोळखी माणूस रिकाम्या घरात येऊन बेडरूमच्या कपाटात लपतो. मग घरमालकीण येते. फोनवर बोलते, कपड्यांना इस्त्री करते, पुन्हा फोनवर बोलते. अधूनमधून कपाटाचं दार दिसतं, फटीतून डोळा दिसतो, मागे हलकं संगीत. शेवटी ती कपाट उघडते.

ओळखीच्या लोकांना दाखवली. एकाने मधेच मोबाइल काढला. दुसरी म्हणाली, "छान आहे, थोडी लांबली." सगळं सांगूनसुद्धा धास्ती का वाटली नसेल?

चक्रम
कपाटातल्या माणसाला विचारा. तोही कंटाळला असेल.

गूढरम्य
चूक उघड आहे. खुनी पहिल्याच मिनिटाला दाखवलात, मग सस्पेन्स उरला कुठे? शेवटपर्यंत कळता कामा नये. मी तर कपाटात कोणी आहे हेच दाखवलं नसतं. आणि शेवटी तो तिचा नवराच निघतो!

ओवी
@गूढरम्य, तुम्ही म्हणताय ते कोडं झालं. कोड्यात आपण डोकं खाजवतो, जीव मुठीत धरून बसत नाही. 'दृश्यम' आठवा, २०१५ चा हिंदी किंवा २०१३ चा मूळ मल्याळम, कुठलाही. कोण मेलं, कुणाच्या हातून मेलं, हे आपल्याला पहिल्या भागातच स्वच्छ दिसतं. पोलिस घरात येऊन प्रश्न विचारायला लागले की धाकटी मुलगी काय बोलून जाईल याने आपल्याच पोटात गोळा येतो. हे कुटुंब निर्दोष आहे असं वाटत असतं तर तीच चौकशी किती मिळमिळीत झाली असती!

गूढरम्य
पण 'दृश्यम'चा शेवट धक्का देतोच की. एक गोष्ट लपवलेली असतेच.

ओवी
हो, ते मान्य. एक गोष्ट लपवली आणि बाकी सगळं सांगितलं. पण त्या एका गोष्टीवर अडीच तास निघत नाहीत.

निवांत
स्पॉयलरची सूचना द्या हो. आमचं अजून बघायचंय.

चक्रम
@निवांत, इतकी वर्षं निवांत राहिलात, आता भोगा.

कात्रीवाला
मी संकलन करतो. फिल्म न बघता बोलणं धाडसाचं आहे, पण वर्णनावरून एक गोष्ट लगेच जाणवली. बॉम्बच्या त्या उदाहरणातला बॉम्ब सगळ्यांना आठवतो आणि घड्याळ विसरलं जातं. @अर्धविराम, तुमच्या फिल्ममध्ये घड्याळच नाहीये.

खरंखुरं घड्याळ हवं असं नाही. पण ती कपाट कधी उघडणार? कधीही उघडेल, कदाचित उघडणारही नाही. तो बाहेर कधी येणार? त्याला वाटेल तेव्हा. धोका आहे हे प्रेक्षकाला माहीत आहे, पण तो जवळ येतोय की लांब जातोय हे मोजायला त्याच्या हाती काही नाही. मग पहिला फोन आणि दुसरा फोन यांत फरक काय राहिला? दोन्ही वेळी धोका तेवढाच. एकाच पातळीवर राहिलेल्या धोक्याची माणसाला फार लवकर सवय होते. संकलनाच्या टेबलावर हे ओळखायची माझी सोपी चाचणी आहे. मधले दोन प्रसंग उलटसुलट लावून बघा. काहीच बिघडलं नाही तर ताण वाढत नव्हता असं समजा.

हिचकॉकच्याच 'नोटोरियस' (१९४६) मधली पार्टी बघा. नायिकेने नवऱ्याच्या तळघराची किल्ली चोरून नायकाला दिलीय आणि दोघं खाली जाणार आहेत. नवरा खाली कधी येऊ शकतो? वरची शॅम्पेन संपली की. मग कॅमेरा फक्त बर्फात ठेवलेल्या बाटल्या दाखवत राहतो. आधी भरपूर, नंतर कमी, नंतर अगदी थोड्या. कुणी घाबरलेला चेहरा करत नाही, पाहुणे मजेत पीत असतात. पण उचललेला प्रत्येक ग्लास नवऱ्याला तळघराकडे ढकलतोय हे आपल्याला कळत असतं.

आता तुमची ती इस्त्री. इस्त्री झालेले कपडे जातात कुठे?

चक्रम
खुर्चीवर. आठवडाभर.

अर्धविराम
@कात्रीवाला, इस्त्री मी केवळ तिच्या हाताला काम हवं म्हणून टाकली होती! म्हणजे चुरगळलेल्या कपड्यांचा ढीग कमी होत जायला हवा, आणि शेवटचा कपडा झाला की ती उठून कपाटाकडे जाणार हे प्रेक्षकाला आधीच कळायला हवं.

कात्रीवाला
तेच. पण कपडे त्याच कपाटात जातात हे एकदा दाखवावं लागेल. सुरुवातीला तो आत शिरतो तेव्हा रिकामे हँगर बाजूला सारतो, एवढं पुरे. 'ती आता इकडेच येणार' असं कोणाच्या तोंडून वदवू नका.

आणि इस्त्रीचा टेबल अशा जागी ठेवा की एकाच चौकटीत पुढे ती आणि मागे कपाट दिसेल. आता तुम्ही एकदा तिला दाखवता, मग वेगळ्या शॉटमध्ये कपाटाचं दार. ते कपाट तिच्यापासून दोन पावलांवर आहे की दुसऱ्या खोलीत, हे बघणाऱ्याला विसरायला होतं. अंतर कळलं नाही तर भीती वाटत नाही.

समांतर
या धाग्यावर 'द बर्ड्स' (१९६३) चा शाळेचा प्रसंग यायलाच हवा. मेलनी शाळेबाहेर बाकावर बसलीय. तिच्या पाठीमागे मुलांच्या खेळण्याचा लोखंडी सांगाडा आहे. ती सिगरेट पेटवते. मागे एक कावळा येऊन बसतो. पुन्हा ती. पुन्हा मागे, आता आणखी काही कावळे. आपल्याला दिसतंय, तिला नाही. अगदी टेबलाखालचा बॉम्ब! हे पाठ्यपुस्तकातलं उदाहरण आहे. प्रेक्षकाला सगळं सांगितलं की धास्ती आपोआप येते, हा नियम यातून सिद्ध होतो.

कात्रीवाला
@समांतर, उदाहरण झकास निवडलंत, पण तो प्रसंग तुमच्या नियमाविरुद्ध जातो. पुन्हा नीट बघा. थोडे कावळे दाखवून झाले की हिचकॉक मागचं दाखवणंच बंद करतो. कॅमेरा मेलनीवर जातो आणि तिथेच थांबतो. ती सिगरेट ओढतेय, अस्वस्थ आहे, आणि कट येतच नाही. आधी ठरावीक लयीत ती आणि कावळे असं आलटून पालटून दाखवून त्याने आपल्याला सवय लावलेली असते. आता आपल्याला मागचं बघायचंय आणि तो बघू देत नाही. मग तिला आकाशातून येणारा एक कावळा दिसतो, तिची नजर त्याच्यामागे जाते, तो खाली उतरतो आणि सांगाडा काळाकुट्ट भरलेला दिसतो.

म्हणजे त्याने पक्षी जमताहेत एवढं सांगितलं आणि किती जमले ते राखून ठेवलं. धास्ती आणि धक्का एकाच प्रसंगात आहेत, आणि धक्का मोठा बसतो तो आधीच्या धास्तीमुळे.

शिवाय कान देऊन ऐका. आत वर्गात मुलं गाणं म्हणताहेत, लांबलचक, तेच तेच धृपद असलेलं. गाणं संपलं की मुलं बाहेर येणार. तेच या प्रसंगाचं घड्याळ.

ओवी
मस्त! मी एक जोडते. मेलनी आत जाऊन बाईंना सांगते, त्यानंतर काय दिसतं? मुलं कशी निघाली, रांग कशी लावली, काही नाही. कॅमेरा शांत बसलेल्या कावळ्यांवर असतो. मग पळणाऱ्या पावलांचा आवाज येतो आणि सगळे एकदम उडतात. माझ्या मते तो शॉट आधीच्या सगळ्याहून भयंकर आहे, कारण आता थांबलेत ते कावळे.

रानवारा
मला वेगळीच शंका आहे. कावळे नुसते बसलेत याची भीती का वाटते? रोजच बसतात. कारण तोवर वाढदिवसाला आलेल्या मुलांवर हल्ला झालेला असतो, एका शेतकऱ्याचं प्रेत आपण पाहिलेलं असतं. पक्षी काय करू शकतात ते आधी सिद्ध झालेलं आहे. @अर्धविराम, तुमच्या कपाटातल्या माणसाने काय सिद्ध केलंय? तो भुरटा चोर असेल, जो ती झोपली की पळून जाईल. कपाटात शिरण्याआधी त्याने काहीतरी करायला हवं. भिंतीवरच्या फोटोतला तिचा चेहरा बोटाने चाचपला तरी चालेल.

समांतर
फोटोबिटो नको. फार सिनेमातलं वाटतं. लँडलाइनची वायर उपटली तर?

चक्रम
लँडलाइन! कुठल्या सालातली फिल्म आहे ही?

रानवारा
वायर उपटण्यात हेतू कळतो हे खरं. पण मग ती पुढे मोबाइलवर बोलतच राहते, म्हणजे त्याचा बेत फसलाच.

सुमेधा_लेखन
सगळं वाचलं. मला बॉम्बच्या उदाहरणाचीच चीड आहे. लोक ते असं सांगतात की जणू लपवणं म्हणजे स्वस्त आणि सांगणं म्हणजे थोर. 'इनग्लोरियस बास्टर्ड्स' (२००९) चा पहिला प्रसंग बघा. नाझी अधिकारी शेतकऱ्याच्या घरी येतो, दूध मागतो, कागद पसरतो, गोड बोलतो. जमिनीखाली ज्यू कुटुंब लपलंय हे तारांतिनो आपल्याला सुरुवातीला सांगत नाही. बरंच बोलणं झाल्यावर कॅमेरा हळूच फळ्यांखाली उतरतो आणि आपल्याला ती माणसं दिसतात. पहिल्या मिनिटाला दाखवली असती तर?

कात्रीवाला
@सुमेधा_लेखन, मुद्दा पटला. तिथे कधी सांगायचं हा निर्णय फार हुशारीने घेतलाय. आधी आपण शेतकऱ्याकडे संशयाने बघतो, तो इतका घामाघूम का? उत्तर मिळालं की तोच चेहरा वेगळा दिसायला लागतो आणि अधिकाऱ्याचा गोडवा सहन होईनासा होतो. आणि तिथेही थोडं राखून ठेवलंच आहे. अधिकारी मधेच फ्रेंच सोडून इंग्रजीत का बोलायला लागला, हे आपल्याला नंतर समजतं. खालच्यांना इंग्रजी येत नाही.

सुमेधा_लेखन
बरोबर. म्हणूनच 'सांगा की लपवा' हा प्रश्नच मला कच्चा वाटतो. 'अंधाधुन' (२०१८) मध्ये पियानोवाला खरं तर बघू शकतो हे त्याला माहीत आहे, आपल्याला माहीत आहे, समोरच्या बाईला नाही. प्रेत समोर पडलंय आणि त्याला वाजवत राहायचंय. तिथे आपण त्याच्याहून जास्त काही जाणत नाही. बरोबरीने जाणतो. तरी हात गार पडतात, कारण जरा नजर हलली की संपलं.

निवांत
आणखी एक स्पॉयलर. मी आता धागाच सोडतो. (सोडणार नाही.)

जुनाजाणता
हिचकॉकची एवढी आरती चाललीय म्हणून त्याचाच फसलेला बॉम्ब आठवला. 'सॅबोटाज', १९३६. एका शाळकरी पोराच्या हाती पार्सल दिलंय, आत बॉम्ब. त्याला वाटतं, नुसतं पोचवायचंय. पावणेदोनला फुटणार हे आपल्याला माहीत. पोरगं लंडनमधून निघतं आणि रस्त्यात रमतं. एक फेरीवाला त्याला पकडून भर गर्दीत त्याच्यावर टूथपेस्ट आणि केसांच्या तेलाचं प्रात्यक्षिक करतो. मग मिरवणूक आडवी येते. मग बस. त्याच्याजवळ फिल्मची रिळं आहेत, ती पेट घेतात म्हणून बसमध्ये न्यायला मनाई, तरी कंडक्टर दया दाखवून बसू देतो. शेजारी कुत्र्याचं पिल्लू. मधे मधे घड्याळं. पावणेदोन होतात, काटा पुढे सरकतो, आपण सुटकेचा श्वास सोडतो न सोडतो तोच बस उडते. पोरासकट, पिल्लासकट.

लोक चिडले. त्रुफोशी बोलताना हिचकॉकनेही ती घोडचूक होती असं कबूल केलं. नंतर तो सांगत असे की बॉम्ब फुटू द्यायचा नाही, शेवटच्या क्षणी कुणाच्या तरी लक्षात यायला हवं. प्रेक्षकाला इतका वेळ ताणलंत तर त्याला सुटका द्यावी लागते.

रानवारा
मला नाही पटत. तो प्रसंग अजून लक्षात राहतो तो बॉम्ब फुटला म्हणूनच. पोरगं वाचलं असतं तर आज तुम्ही ते फेरीवाल्यासकट इतकं सविस्तर सांगितलं असतं का? आणि पुढे त्याची बहीण जे करते, त्याला त्या मृत्यूचंच बळ आहे.

जुनाजाणता
कथेला बळ आहे, नाकारत नाही. पण तिथे प्रेक्षक दिग्दर्शकावर रागावला, खलनायकावर नाही. कंडक्टरची दया, पिल्लू, हे सगळं आपला जीव त्या पोरात गुंतवण्यासाठी रचलं आणि मग त्याच जिवावर उठले. त्रुफोला तर मुलाला असं मारणं म्हणजे सिनेमाच्या ताकदीचा जवळजवळ गैरवापर वाटला होता.

रानवारा
तो त्रुफोचा हळवेपणा.

ओवी
'टच ऑफ इव्हिल' (१९५८) मध्ये बॉम्ब फुटतोच की, आणि कुणी चिडत नाही. कारण गाडीतल्या दोघांना आपण ओळखतच नाही. दिग्दर्शक वेल्सची गंमत अशी की सुरुवातीला दोन हात टायमर फिरवताना दिसतात, बॉम्ब डिकीत जातो, आणि त्यानंतर तो तीनेक मिनिटांच्या अखंड शॉटमध्ये एकदाही दाखवत नाही. गाडी चौकटीतून जाते, परत येते, गर्दीत अडकते. आपण नायक-नायिकेचं बोलणं सोडून गाडी कुठे गेली ते शोधत बसतो. गाडीतली बाई तक्रारही करते की डोक्यात टिकटिक होतेय, कोणी लक्ष देत नाही.

@अर्धविराम, यावरून सुचलं. फटीतला डोळा वारंवार दाखवता तो काढून टाका. एकदा सांगितलंत ना, आता प्रेक्षकालाच कपाट शोधू दे.

अर्धविराम
मग संगीताचं काय? मला वाटलं, ते नसेल तर लोक विसरतील.

मंद्रसप्तक
माझा प्रांत आला! संगीत हीसुद्धा माहितीच असते. 'जॉज' (१९७५) मध्ये ते दोन सुरांचं संगीत वाजलं की शार्क आहे, असा करार झालेला असतो. मग दोन पोरं पुठ्ठ्याचा पर लावून समुद्रात घबराट उडवतात तेव्हा ते संगीत वाजत नाही. कान उघडे असतील तर तिथे शार्क नाही हे आधीच कळतं. म्हणजे त्याने खोटं सांगितलं नाही. पण पुढे पोलिसप्रमुख ब्रॉडी पाण्यात चारा टाकत असताना शार्क एकदम डोकं वर काढतो, तेव्हा मात्र काहीच वाजत नाही. करार पाळून विश्वास कमावला आणि नेमका एकदा मोडला. आपण खुर्चीतून उडतो.

तुमचं संगीत कपाट दिसलं की दर वेळी वाजतं आणि दर वेळी काही होत नाही. तिसऱ्या वेळेपर्यंत प्रेक्षकाला कळून चुकतं की हे वाजलं म्हणजे अजून अवकाश आहे. भीतीची घंटा तुम्हीच निर्धास्तपणाची करून ठेवलीत.

चक्रम
@मंद्रसप्तक, हे एकदम पटलं. मोबाइल काढणारा माणूस संगीत ऐकूनच काढत असणार.

गूढरम्य
एक विचारू? दुसऱ्यांदा बघताना धक्का मरतो हे कळतं. पण शेवट माहीत असूनही 'नोटोरियस'च्या बाटल्या दुसऱ्यांदा तितक्याच का छळतात? किल्लीचं काय होतं ते तर मला माहीत आहे.

सुमेधा_लेखन
कारण आपण पात्राच्या वतीने घाबरतो, आणि त्या पात्राला शेवट माहीत नसतो.

कात्रीवाला
अर्धंच पटलं. शेवट ठाऊक असूनही काही प्रसंग दुसऱ्यांदा साफ मऊ पडतात, आणि पात्र तर तेव्हाही अजाणच असतं. मला वाटतं तपशिलाचा हात असावा. 'होईल की नाही' संपलं तरी 'आता हे, मग ते' उरतं. छातीठोकपणे नाही सांगत.

अर्धविराम
बरंच साहित्य जमलं. सध्या असा बेत आहे: पहिला फोन काढला. तो आत शिरताना हँगर सारतो. इस्त्रीच्या टेबलामागे कपाट सतत दिसतं, पण धूसर. डोळा नाही, संगीत नाही, फक्त इस्त्रीची वाफ आणि फोनवरचं बोलणं. ढीग कमी होत जातो. शेवटचे दोनतीन कपडे राहिले की कॅमेरा तिच्या चेहऱ्यावर आणि तिथेच, कपाट चौकटीबाहेर.

आता अडलंय ते शेवटावर. पर्याय एक, ती दार उघडते आणि तो आतच आहे. पर्याय दोन, ती उघडते आणि कपाट रिकामं. म्हणजे कॅमेरा तिच्या चेहऱ्यावर होता तेवढ्यात तो निघालाय.

समांतर
दोन! डोळे झाकून दोन.

कात्रीवाला
दोन आकर्षक आहे, पण हिशेब करा. कपाट ते दार हे अंतर तिच्या पाठीमागून, आवाज न करता, त्या एका शॉटच्या वेळात पार व्हायला हवं. नाहीतर प्रेक्षकाला फसवल्यासारखं वाटेल. चेहऱ्याच्या शॉटमध्ये कुठेतरी एक खट्ट असा आवाज ठेवा, जो ती इस्त्रीचा समजेल.

जुनाजाणता
एक घ्या. इतका वेळ दार दाखवून आत कोणी नाही, ही पळवाट झाली.

रानवारा
@जुनाजाणता, मघाशी तुम्हीच म्हणालात बॉम्ब फुटू द्यायचा नाही!

जुनाजाणता
फुटू द्यायचा नाही म्हटलं, बॉम्ब गायब करा असं नाही म्हटलं. सापडायला हवा.

चक्रम
पर्याय तीन. ती कपडे खुर्चीवर टाकते आणि झोपायला जाते.

रानवारा
@चक्रम, हसू नका, हा सगळ्यात वाईट शेवट आहे. म्हणजे चांगल्या अर्थाने वाईट.

अर्धविराम
... थांबा. दिवा तीच मालवते का?